औषधाचे बिल, रुग्णालयाचा कोड: मर्चंट कॅटेगरी कोड काय असतो आणि पैशांवर कसा परिणाम करतो

रुग्णालयाच्या तळमजल्यावर औषधांचा काउंटर असतो. तिथे २,४०० चे बिल झाले आणि ते कार्डाने भरले. कार्डावर औषध दुकानांतल्या खरेदीला ५ टक्के कॅशबॅक आहे, म्हणजे १२० परत मिळायला हवेत. महिन्याच्या शेवटी जमा होतात फक्त १२, म्हणजे इतर कुठल्याही खरेदीवर मिळणारे अर्धा टक्का. बिलावर औषधांची नावे स्पष्ट छापलेली आहेत, तरी बँक म्हणते की ही औषध दुकानातली खरेदी नाही. बँक तिच्या जागी खरे बोलते आहे, कारण तिच्यापर्यंत औषधांची नावे पोचलेलीच नाहीत. तिला पोचला एक चार आकडी कोड: 8062, म्हणजे रुग्णालय. औषध दुकानाचा कोड 5912 आहे.

हा चार आकडी कोड म्हणजे मर्चंट कॅटेगरी कोड. रोजच्या बोलण्यात त्याला एमसीसी म्हणतात. रुग्णालयातल्या या एकाच काउंटरच्या आधाराने पुढचे सगळे पाहू, कारण दुकानदाराचे शुल्क, ग्राहकाचे रिवॉर्ड आणि पेमेंट मंजूर होणे किंवा अडकणे या तिन्ही गोष्टी इथे एकत्र दिसतात.

कोड कुणाचा असतो

सर्वात जास्त गैरसमज इथेच होतो. कोड वस्तूचा नसतो, बिलाचाही नसतो. तो दुकानदाराच्या खात्याचा असतो. दुकानदार कार्ड स्वीकारण्यासाठी एखाद्या बँकेकडे अर्ज करतो तेव्हा ती बँक त्याला मर्चंट आयडी देते, आणि त्या आयडीसोबत व्यवसायाचा एक कोड नोंदवते. त्या आयडीखाली जेवढी स्वाइप मशीन लागतील त्या सगळ्यांवरून जाणारा प्रत्येक व्यवहार तोच कोड घेऊन जातो. समोर औषध विकले की शस्त्रक्रियेचे बिल घेतले, मशीनला त्यातला फरक कळत नाही.

कोडांची मूळ यादी आयएसओ १८२४५ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी कार्ड नेटवर्क त्यावर आधारलेल्या आपापल्या याद्या आणि नियमावल्या चालवतात, त्यामुळे बहुतेक कोड सगळीकडे सारखे असले तरी काही ठिकाणी अर्थात थोडा फरक आढळतो. आकड्यांची मांडणी ढोबळमानाने व्यवसायाच्या जातीप्रमाणे आहे. 3000 च्या पट्ट्यात विमान कंपन्या, भाड्याच्या गाड्या आणि हॉटेलांच्या साखळ्या येतात, आणि त्यातल्या अनेक मोठ्या कंपन्यांना स्वतःचा वेगळा कोड आहे. 5000 च्या पट्ट्यात मुख्यतः दुकाने, 8000 मध्ये डॉक्टर, शाळा, वकील यांसारख्या सेवा आणि 9000 मध्ये सरकारी भरणा. आरोग्याच्या एकाच क्षेत्रात किती बारीक फोड आहे ते पाहा: डॉक्टर 8011, दंतवैद्य 8021, रुग्णालय 8062, वैद्यकीय प्रयोगशाळा 8071, आणि औषध दुकान मात्र दुकानांच्या पट्ट्यात, 5912.

कोड ठरवण्याचा साधा नियम असा की दुकानदाराचा मुख्य व्यवसाय जो असेल, त्याचा कोड लावायचा. एकापेक्षा जास्त धंदे असतील तर ज्यातून सर्वाधिक विक्री होते तो मुख्य. रुग्णालयात औषधांची विक्री एकूण उलाढालीच्या पाव हिस्सा असेल तर सगळ्याला 8062 लागणे नियमाला धरून आहे. चूक होते ती पुढे, वेगळा काउंटर, वेगळा हिशेब आणि वेगळा परवाना असलेल्या विभागालाही जुन्याच मर्चंट आयडीवरचे एक जादा मशीन लावून मोकळे होतात तेव्हा.

व्यवहाराच्या संदेशात कोड कुठे बसतो

कार्ड मशीनला लावले की दुकानदाराच्या बँकेकडून नेटवर्कमार्फत कार्ड देणाऱ्या बँकेकडे मंजुरीसाठी एक संदेश जातो. त्याची रचना आयएसओ ८५८३ प्रमाणे असते. आपल्या औषधाच्या बिलाचा संदेश, लागणारी घरे तेवढी ठेवून, असा दिसेल:

```
0100
DE4   000000240000
DE18  8062
DE22  051
DE41  TERM0027
DE42  HOSP00000001234
```

`0100` म्हणजे हा मंजुरी मागणारा संदेश आहे, आणि `DE` ने सुरू होणारी प्रत्येक ओळ हे एक घर. `DE4` ही रक्कम आहे, शेवटचे दोन आकडे दशांशाचे, म्हणजे २,४००.००. `DE18` मध्ये एमसीसी. `DE22` सांगते की कार्ड चिपने वाचले. `DE41` हा मशीनचा क्रमांक आणि `DE42` हा मर्चंट आयडी. यात औषधाचे नाव, गोळ्यांची संख्या, काउंटरचा मजला असे काहीही नाही. कार्ड देणारी बँक निर्णय घेते तो एवढ्यावर आणि ग्राहकाच्या खात्यातल्या माहितीवर.

एक बारीक गोष्ट पुढे फार उपयोगी पडते. मंजुरीचा संदेश आणि नंतर पैशांचा हिशेब मिटवण्यासाठी जाणारी नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोड दोन्हींत स्वतंत्रपणे लिहिला जातो. पेमेंट मंजूर करायचे की नाकारायचे हे पहिल्या संदेशातल्या कोडवर ठरते. शुल्क आणि बहुतेक ठिकाणी रिवॉर्ड मात्र दुसऱ्या नोंदीतल्या कोडवर मोजले जातात. दुकानदाराच्या बँकेने एका ठिकाणी कोड बदलला आणि दुसऱ्या ठिकाणी जुनाच राहिला, तर कार्ड चालते पण पॉइंट मिळत नाहीत, आणि असे का झाले हे कुणालाच पटकन सांगता येत नाही.

शुल्कावर काय परिणाम होतो

दुकानदार प्रत्येक व्यवहारामागे जे शुल्क भरतो त्याचे तीन तुकडे असतात. सगळ्यात मोठा तुकडा सहसा इंटरचेंज, जो कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. दुसरा नेटवर्कचा आणि तिसरा दुकानदाराच्या स्वतःच्या बँकेचा. कोडचा प्रभाव मुख्यतः इंटरचेंजवर पडतो. नेटवर्कच्या दरपत्रकात काही व्यवसायवर्गांना वेगळे दर असतात. शिवाय कार्ड डेबिट आहे की क्रेडिट, साधे आहे की कंपनीचे, समोर लावले की ऑनलाइन भरले, यावरही दर बदलतो. जिथे कायद्यानेच दराला कमाल मर्यादा घातली आहे तिथे कोडमुळे पडणारा फरक कमी उरतो. युरोपीय संघात २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या डेबिट कार्डांवर ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डांवर ०.३ टक्के अशी मर्यादा आहे.

आपल्या काउंटरचे गणित करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, खरे दर आपल्या करारात आणि दरपत्रकातच बघायचे. औषध काउंटरची कार्डाने होणारी महिन्याची विक्री १०,००,००० धरू. नेटवर्कचे शुल्क ०.१ टक्के आणि दुकानदाराच्या बँकेचे ०.३ टक्के. सध्याच्या कोडला इंटरचेंज १.६ टक्के लागतो आणि 5912 ला १.२ टक्के लागला असता असे धरले, तर आज एकूण २ टक्के म्हणजे २०,००० जातात, आणि योग्य कोडवर १.६ टक्के म्हणजे १६,००० गेले असते. महिन्याला ४,००० चा फरक. हे उलटही असू शकते. नवा कोड महाग निघण्याची शक्यता खरी आहे, म्हणून आधी दोन्ही कोडांचे दर लेखी मागवावेत आणि मगच अर्ज करावा.

पण हे गणित एका अटीवर उभे आहे. करार तीन तुकडे वेगवेगळे दाखवणारा असेल तरच इंटरचेंज कमी झाल्याचा फायदा दुकानदाराच्या हातात येतो. सरसकट २ टक्के असा एकच दर ठरलेला असेल तर कोड बदलला तरी दुकानदार २ टक्केच भरणार, आणि वाचलेले ४,००० त्याच्या बँकेकडे राहणार. त्यामुळे कोड दुरुस्त करताना दराचा करारही त्याच बैठकीत उघडायला हवा. नंतर विचारले तर सांगायला हातात काही उरत नाही.

रिवॉर्ड कसे ठरतात

कार्ड देणाऱ्या बँकेकडे प्रत्येक योजनेसाठी कोडांची यादी असते. “औषधांवर ५ टक्के” या जाहिरातीमागे बहुधा “5912” एवढाच एक कोड असतो. यादीत असलेला कोड आला की जादा दर, नाही आला की मूळ दर, आणि काही कोड आले की शून्य. पैशांची पाठवणी 4829, परकीय चलन आणि तत्सम रोकडसदृश खरेदी 6051, वॉलेटमध्ये पैसे भरणे 6540, जुगार 7995 हे कोड अनेक बँका शून्याच्या यादीत ठेवतात. त्याहून महाग पडणारी गोष्ट म्हणजे यातले काही कोड क्रेडिट कार्डावर रोख उचल म्हणून धरले जातात. मग स्वतंत्र शुल्क लागते आणि व्याज बिलाची तारीख न पाहता पहिल्या दिवसापासून सुरू होते. योजनेच्या अटींत “रोखीसारखे व्यवहार” असे शब्द दिसले की त्यात कुठले कोड येतात हे बँकेला विचारावेच.

वॉलेटमुळे होणारा गोंधळही कोडचाच आहे, आणि तो दोन प्रकारांत वाटून घेतला की सुटतो. फोनमध्ये कार्ड साठवून तो फोन मशीनला टेकवला, तर व्यवहार थेट दुकानदाराच्या मर्चंट आयडीवर होतो आणि दुकानाचाच कोड जातो. रिवॉर्डला धक्का लागत नाही. पण आधी कार्डावरून वॉलेटमध्ये पैसे भरले आणि मग वॉलेटमधून दुकानाला दिले, तर कार्ड देणाऱ्या बँकेला दिसतो तो फक्त पहिला टप्पा, 6540. औषध घेतले हे तिला कधीच कळत नाही. दुकानदार एखाद्या मध्यस्थ पेमेंट कंपनीमार्फत पैसे घेत असेल तर कोड ती कंपनी लावते, आणि घाईत जोडलेल्या छोट्या दुकानांना “इतर सेवा” प्रकारचा मोघम कोड लागलेला वरचेवर दिसतो. स्टेटमेंटवर दुकानाच्या नावाआधी दुसरे एखादे छोटे नाव आणि मध्ये तारांकित खूण दिसली, तर मध्ये अशी कंपनी आहे असे समजावे.

पेमेंट नाकारले जाते तेव्हा

ठरावीक कामासाठी दिलेल्या कार्डांवर कोडची कुंपणे घातलेली असतात. कंपनीने कर्मचाऱ्याला फक्त औषधांसाठी कार्ड दिले आणि त्यात 5912 एवढाच कोड उघडा ठेवला, तर आपल्या काउंटरवर ते चालणार नाही. खात्यात पैसे आहेत, पिन बरोबर आहे, तरी मशीनवर “नाकारले” येते. परतीच्या संदेशात `DE39` या घरात बहुधा 57 असते, म्हणजे या कार्डधारकाला या प्रकारच्या व्यवहाराची परवानगी नाही. शिल्लक कमी असती तर 51 आले असते. मशीनच्या पावतीवर हा आकडा छापला जात असेल तर तो बघावा. 57 आल्यावर पुन्हा पुन्हा कार्ड लावून काही होत नाही, उलट वारंवार नकारांमुळे बँकेची फसवणूक-तपासणी जागी होऊन कार्ड तात्पुरते बंद पडू शकते. कधीकधी बँक मोघम 05 पाठवते. तेव्हा कारण कोडच आहे की आणखी काही, हे कार्ड देणारी बँकच सांगू शकते.

मंजुरीची पद्धतही कोडप्रमाणे बदलते. स्वयंचलित इंधन पंपाचा कोड 5542 आहे. तिथे कार्ड आधी लावतात आणि इंधन नंतर भरतात, म्हणून अंदाजी रकमेची मंजुरी घेऊन प्रत्यक्ष रक्कम मागाहून कळवली जाते. खात्यात जास्त रक्कम काही वेळ अडकलेली दिसते ती यामुळे. माणूस बसलेल्या पंपाचा कोड 5541, तिथे रक्कम आधीच ठरलेली असते.

ग्राहकाने कोड कसा शोधावा

बँकेच्या ॲपमध्ये व्यवहारासमोर “आरोग्य” किंवा “खरेदी” असे लिहिलेले असते, त्यावर विसंबू नये. ते बँकेने अनेक कोडांना मिळून दिलेले नाव आहे. 8062 आणि 5912 दोन्ही “आरोग्य” खाली दिसू शकतात, आणि कॅशबॅक मात्र एकालाच.

खात्रीचा मार्ग असा. मोठी खरेदी करायची असेल तर आधी त्याच काउंटरवर, त्याच मशीनवर छोटे बिल करावे. व्यवहार “प्रलंबित” मधून बाहेर पडून पक्का नोंदला जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे, कारण रिवॉर्ड पक्क्या नोंदीवर मोजले जातात. मग बँकेच्या ग्राहक सेवेला तारीख आणि रक्कम सांगून थेट विचारावे: “या व्यवहाराचा चार आकडी एमसीसी काय नोंदला आहे?” “पॉइंट का आले नाहीत” असा प्रश्न केला तर अटींचा परिच्छेद वाचून दाखवला जातो, कोड विचारला तर आकडा मिळण्याची शक्यता जास्त. चाचणी त्याच मशीनवर हवी, कारण शेजारच्या खिडकीतले मशीन दुसऱ्या मर्चंट आयडीवर असू शकते, आणि त्याच दुकानाचे संकेतस्थळ तिसऱ्याच.

कोड चुकीचा निघाला तर कार्ड देणारी बँक तो बदलू शकत नाही, तो अधिकार दुकानदाराच्या बँकेचा आहे. ग्राहकाने पावती जोडून तक्रार केली तर काही बँका त्या एका व्यवहाराचे पॉइंट हाताने जमा करतात. तो त्यांच्या सौजन्याचा भाग, हक्काचा नव्हे. खरी दुरुस्ती हवी तर काउंटरवरच्या व्यवस्थापकाला चार आकडी कोड लिहून द्यावा. “तुमच्या मशीनवर रुग्णालयाचा कोड जातो” एवढे एक वाक्य नेमक्या माणसापर्यंत पोचले तर त्याला पुढे काय करायचे ते कळते.

दुकानदाराने कोड कसा दुरुस्त करावा

पहिले काम म्हणजे आज काय नोंदले आहे ते पाहणे. कराराच्या अर्जात, बँकेच्या मर्चंट पोर्टलवर किंवा महिन्याच्या शुल्क-विवरणात एमसीसी दिलेला असतो. प्रत्येक मर्चंट आयडीसमोर त्याचा कोड आणि त्यावरची मशीन अशी एका कागदावर नोंद करावी. रुग्णालयासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे मशीन इकडून तिकडे हलवलेली असतात, आणि औषध काउंटरवरचे `TERM0027` मुळात बाह्यरुग्ण विभागासाठी घेतलेले होते असे याच टप्प्यावर उघड होते.

त्यानंतर बँकेकडे जी मागणी करायची ती नीट शब्दांत मांडावी. सगळ्या रुग्णालयाचा कोड 5912 करून घेणे चूक ठरेल, कारण मुख्य व्यवसाय रुग्णालयाचाच आहे. मागायचा तो औषध विभागासाठी वेगळा मर्चंट आयडी, 5912 कोडसह. सोबत औषध विक्रीचा परवाना, त्या विभागाची वेगळी विक्री दाखवणारा सहा ते बारा महिन्यांचा हिशेब, काउंटरचे आणि फलकाचे छायाचित्र, आणि पैसे कुठल्या खात्यात जमा करायचे ते द्यावे. बँकेला पटायला हवे ते एवढेच की हा विभाग खरोखर स्वतंत्र दुकानासारखा चालतो.

औषधे ऑनलाइन किंवा फोनवर विकून कार्डाने पैसे घेणार असाल तर ते या अर्जातच सांगावे. कार्ड समोर नसताना होणारी औषध विक्री मोठी नेटवर्क जास्त जोखमीची मानतात आणि तिच्यासाठी वेगळी नोंदणी लागते. समोरच्या विक्रीसाठी घेतलेल्या आयडीवर गुपचूप ऑनलाइन विक्री सुरू केली, तर खाते बंद होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. कमी शुल्कासाठी किंवा नकार टाळण्यासाठी मुद्दाम भलताच कोड लावून घेणे त्याहून गंभीर आहे. नेटवर्क त्याचा दंड दुकानदाराच्या बँकेला लावते, बँक तो करारानुसार दुकानदाराकडून वसूल करते, आणि करार मोडून काळ्या यादीत नाव गेले की दुसरी बँकही सहसा दारात उभे करत नाही.

नवा आयडी मिळाला की मशीनवर नव्या सेटिंग उतरवून घ्याव्या लागतात. हे राहिले तर कागदावर 5912 आणि व्यवहारात 8062 असे महिनोन्‌महिने चालते. म्हणून त्या दिवशी पावतीवर नवा मर्चंट आयडी छापला जातो का ते बघावे, एक छोटा व्यवहार करावा, आणि दुसऱ्या दिवशीच्या हिशेबाच्या फाइलमध्ये त्याचा कोड तपासावा. मंजुरीत नवा आणि हिशेबात जुना कोड असेल तर तो इथेच पकडता येतो. जुन्या आयडीवर विकलेल्या औषधांचा परतावा मात्र जुन्याच आयडीवरून करावा. नव्यावरून केला तर मूळ खरेदी 8062 ची आणि परतावा 5912 चा अशी विसंगती तयार होते, आणि ग्राहकाला मूळ खरेदीवर न मिळालेले ५ टक्के परताव्यावर कापले जाऊ शकतात. म्हणून जुना आयडी परताव्याची मुदत संपेपर्यंत चालू ठेवावा.

मागच्या महिन्यांचे शुल्क सहसा परत मिळत नाही, कारण बदल तारखेपासून पुढे लागू होतो. सुरुवातीच्या अर्जात योग्य व्यवसाय लिहूनही बँकेने चुकीचा कोड लावला होता हे त्या अर्जाच्या प्रतीवरून दाखवता आले, तर मागणी करायला आधार मिळतो. ती प्रत जपून ठेवलेली असावी.